शिकवलं नसतं, तर काय झालं असतं?

पाचशे मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायचं आहे आणि सेट असा आहे की एका मिलिलिटरला वीस थेंब पडतात. मिनिटाला किती थेंब लावायचे? वॉर्डात उभ्या असलेल्या सिस्टरला हे गणित उभ्या उभ्या करावं लागतं. ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे साधारण २१ थेंब. आता लहान मुलांसाठी वापरतात तो मायक्रोड्रिप सेट हाती आला, तर त्यात एका मिलिलिटरला ६० थेंब असतात. सेट बदलला पण थेंब तेवढेच ठेवले, तर रुग्णाला ठरलेल्या द्रवाचा फक्त तिसरा हिस्सा मिळतो. इन्सुलिनचं प्रकरण याहून नाजूक आहे. आपल्याकडे ४० युनिटच्या बाटल्याही असतात आणि १०० युनिटच्याही, आणि प्रत्येकीसाठी सिरिंज वेगळी. ४० युनिटच्या सिरिंजमध्ये १०० युनिटच्या बाटलीतलं औषध ४०च्या खुणेपर्यंत ओढलं, तर ४० ऐवजी १०० युनिट शरीरात जातात.

हे हिशोब नर्सिंगच्या विद्यार्थिनींना पक्के यावेत म्हणून एखादी शिक्षिका पाच तासांचा खास वर्ग तयार करते. रोज एक तास, खऱ्या औषधांच्या बाटल्या, खरे सेट, वॉर्डातल्या केसपेपरसारखी उदाहरणं. वर्ग संपतो आणि प्रश्न उभा राहतो, की याचा उपयोग झाला का?

बी.एस्सी. आणि एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधांत या प्रश्नाचं उत्तर शोधण्याची एक सोपी रीत फार रुळलेली आहे. एकच वर्ग घ्यायचा, आधी चाचणी, मग शिकवणं, सातव्या दिवशी तीच चाचणी पुन्हा. आधी ३०पैकी सरासरी १२ गुण होते, नंतर २० झाले, म्हणजे कार्यक्रम परिणामकारक. निष्कर्ष लिहून होतो आणि प्रबंध बांधायला जातो.

पण त्या आठ गुणांचं श्रेय नेमकं कुणाचं? पहिल्या चाचणीत मुलींनी प्रश्न पाहिले. त्या रात्री होस्टेलवर त्यांनी ते एकमेकींना विचारले, उत्तरं शोधली. त्याच आठवड्यात औषधशास्त्राच्या नेहमीच्या तासाला मात्रांचा भाग झाला असेल. काहींची ड्यूटी बालरुग्ण विभागात लागली असेल आणि तिथल्या सिस्टरने मायक्रोड्रिप समजावून दिला असेल. सत्र परीक्षा जवळ आली असेल. यातल्या प्रत्येक कारणाने गुण वाढतात आणि एकाच वर्गाकडे पाहून ती कारणं वेगळी काढता येत नाहीत. म्हणून दुसरा गट लागतो. त्यालाही त्याच दिवशी तीच पूर्वचाचणी, त्याच दिवशी तीच उत्तरचाचणी, फक्त मधला खास वर्ग नाही. हाच नियंत्रित गट. ‘शिकवलं नसतं, तर काय झालं असतं?’ या प्रश्नाचं उत्तर देण्याचं काम त्याच्याकडे असतं. पुढे जे काही सांगतो आहे ते सगळं हे उत्तर कितपत विश्वासाचं आहे, एवढ्याच एका मुद्द्याभोवती फिरतं.

या रचनेला ‘अर्ध-प्रायोगिक’ म्हणतात, कारण पूर्ण प्रयोगातली एक गोष्ट तिच्यात नसते. कोण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नसतं. चिठ्ठ्या टाकल्या की हुशार आणि कच्च्या, गणिताची आवड असलेल्या आणि गणिताला घाबरणाऱ्या मुली दोन्ही गटांत साधारण सारख्या वाटल्या जातात, आणि जी गोष्ट आपल्या लक्षातही आलेली नाही तीसुद्धा वाटली जाते. डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ले या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९६३ साली शिक्षणातल्या अशा रचनांची पद्धतशीर मांडणी केली. तयार असलेले दोन गट, दोघांना आधी आणि नंतर चाचणी, ही रचना त्यांनी अर्ध-प्रायोगिक रचनांमध्ये ठेवली. तिच्या नावातच त्यांनी हे दोन गट मुळात सारखे नसतात, असं सांगून टाकलं.

मग चिठ्ठ्याच का टाकत नाहीत? नर्सिंग कॉलेजात याचं कारण अगदी रोजच्या जगण्यातलं आहे. एका वर्गातल्या ८० मुलींपैकी ४० जणींना खास वर्ग दिला आणि ४० जणींना नाही, तरी संध्याकाळी त्या एकाच होस्टेलमध्ये, बहुधा एकाच खोलीत असतात. वही इकडून तिकडे जाते, व्हॉट्सअॅपवर पानांचे फोटो जातात. दोन दिवसांत नियंत्रित गटही निम्मा शिकलेला असतो. या पाझरण्यामुळे चांगला कार्यक्रमही निकामी वाटू शकतो. म्हणून संशोधक एक कॉलेज प्रायोगिक गट म्हणून घेते आणि दुसऱ्या गावातलं कॉलेज नियंत्रित गट म्हणून. वह्यांचा प्रश्न सुटतो, पण त्याच्या जागी दोन कॉलेजं मुळातच वेगळी असण्याचा प्रश्न येतो.

तो कमी करायचा तर दुसरं कॉलेज विचारपूर्वक निवडावं लागतं. जीएनएमला बारावी कला शाखेच्या मुलीही येतात, बी.एस्सी. नर्सिंगला बारावी विज्ञान लागतं. हिशोबाच्या कार्यक्रमासाठी एक गट जीएनएमचा आणि दुसरा बी.एस्सी.चा घेतला, तर पहिल्याच दिवशी तुलना बिघडली. तोच अभ्यासक्रम, तेच वर्ष, साधारण तेवढ्याच खाटांचं रुग्णालय आणि अभ्यासाच्या काळात सारख्याच विभागांतल्या ड्यूट्या हे आधी जुळवून घ्यायला हवं. पूर्वचाचणीच्या वेळीच प्रत्येकीची बारावीची शाखा, मागच्या वर्षाचे गुण आणि सध्याची ड्यूटी नोंदवून ठेवायला हवी, कारण ही माहिती नंतर गोळा करायला गेलं की ती हाती लागत नाही.

काही संशोधक आणखी एक वाट काढतात. एकाच कॉलेजात आधी नियंत्रित गटाच्या दोन्ही चाचण्या उरकायच्या आणि महिन्याभराने दुसऱ्या तुकडीला कार्यक्रम द्यायचा. वह्या पाझरत नाहीत हे खरं, पण मग दोन्ही गटांचा काळ वेगळा होतो. पहिल्या गटाची उत्तरचाचणी गणपतीच्या सुट्टीनंतर आणि दुसऱ्याची सत्र परीक्षेच्या तोंडावर आली, तर नियंत्रित गट ज्या कामासाठी घेतला तेच काम तो करू शकत नाही. त्याने तोच काळ जगायला हवा.

आता एक उदाहरण आकड्यांत पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, कुठल्याही प्रत्यक्ष अभ्यासाचे नाहीत. दोन्ही कॉलेजांत ४०-४० विद्यार्थिनी. ३० प्रश्नांची चाचणी, विषयातल्या अनुभवी शिक्षकांकडून तपासून घेतलेली आणि तिसऱ्याच कॉलेजातल्या थोड्या मुलींवर आधी वापरून पाहिलेली. प्रायोगिक गटाची सरासरी पूर्वचाचणीत १२.१ आणि उत्तरचाचणीत २०.४. नियंत्रित गटाची १३.० वरून १५.२. प्रायोगिक गटात वाढ ८.३, नियंत्रित गटात २.२. म्हणजे खास वर्ग नसतानाही दोन गुण वाढलेच. चाचणी पुन्हा दिल्याने, नेहमीच्या तासांमुळे, ड्यूटीमुळे ही वाढ मिळाली. तेवढे दोन गुण प्रायोगिक गटालाही असेच मिळाले असते, असं आपण धरतो आणि ते वजा करतो. कार्यक्रमाच्या वाट्याला ८.३ नव्हे, ६.१ गुण येतात.

‘असं आपण धरतो’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. दोन्ही गट आपापल्या वेगाने, पण सारख्याच वेगाने वाढत होते, हे गृहीत धरल्याशिवाय वजाबाकीला अर्थ राहत नाही. सुरुवातीचे गुण थोडे वेगळे असले तरी चालतं, वाढीचा वेग वेगळा असेल तर चालत नाही. ते तपासायची सोय एकच आहे. शक्य असेल तिथे कार्यक्रमाच्या आधी एक नव्हे, दोन चाचण्या घ्याव्यात, म्हणजे कुणालाच काही खास शिकवलेलं नसताना दोन्ही गट कसे पुढे सरकत होते ते दिसतं. शिक्षिकांच्या हाताशी वेळ कमी असतो, त्यामुळे असं फार क्वचित होतं. मला वाटतं की दुसऱ्या कुठल्याही सुधारणेपेक्षा ही जादा चाचणी जास्त उपयोगाची आहे.

दुसऱ्या गटाचं मोल इतिहासातही दिसतं. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात १८४० नंतर प्रसूतीचे दोन विभाग शिकणाऱ्यांनुसार वेगळे होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. बाळंतज्वराने पहिल्या विभागात फार माता जात. १८४६ साली तिथला मृत्युदर ११.४ टक्के होता, दुसऱ्या विभागात २.८ टक्के. शवविच्छेदन करून आलेल्या विद्यार्थ्यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुतल्याशिवाय मातांना तपासायचं नाही, असा नियम इग्नाझ झेमेलवाइस यांनी मे १८४७ मध्ये केला. १८४८ साली पहिल्या विभागातला मृत्युदर १.३ टक्क्यांवर आला. दुसऱ्या विभागाचे आकडे हाताशी होते म्हणूनच सुईणींच्या विभागातला फरक काय आणि विद्यार्थ्यांच्या विभागातला काय, हे शेजारी ठेवून पाहता आलं. दुसऱ्या विभागातही १८४८ साली दर १.३ टक्केच होता, म्हणजे तिथेही घट झाली होती. सगळी घट नियमाच्या खात्यावर टाकायची नसते. तरी पहिल्या विभागात ती दहा टक्क्यांची होती आणि दुसऱ्यात दीड टक्क्याची.

प्रबंधांत सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आकडेमोडीत दडलेली असते. संशोधक प्रायोगिक गटाच्या आधीच्या आणि नंतरच्या गुणांवर टी-चाचणी लावते, वाढ लक्षणीय निघते. मग नियंत्रित गटावर तीच चाचणी वेगळी लावते, वाढ लक्षणीय निघत नाही. निष्कर्ष लिहिला जातो, की कार्यक्रम यशस्वी. वाचताना हे पटतं, पण यात दोन गटांची तुलना झालेलीच नाही. समजा, एका छोट्या अभ्यासात प्रायोगिक गटाची वाढ ३ गुण निघाली आणि तिची प्रमाण त्रुटी १.४, तर नियंत्रित गटाची वाढ २ गुण आणि प्रमाण त्रुटी १.२. पहिली वाढ लक्षणीयतेची रेषा जेमतेम ओलांडते, दुसरी जेमतेम अलीकडे राहते. पण दोन वाढींतला फरक फक्त एक गुणाचा आहे आणि त्या फरकाची प्रमाण त्रुटी १.८ आहे. म्हणजे कार्यक्रमाने काही झालं असं म्हणायला आधारच नाही. दोन वाढींतला फरक थेट तपासायला हवा, किंवा पूर्वचाचणीचे गुण हिशोबात घेऊन उत्तरचाचणीच्या गुणांची तुलना करायला हवी. एखाद्या अभ्यासाचा निकाल वाचताना मी पहिल्यांदा हेच पाहते, की वाढींतला फरक आणि त्याच्या दोन्ही बाजूंची मर्यादा कुठे दिली आहे का. ती नसेल, तर बाकीची सगळी कोष्टकं असूनही उत्तर दिलेलं नसतं.

दुसरी चूक गळतीची. वरच्या उदाहरणात प्रायोगिक गटातल्या ४० पैकी ४ मुली उत्तरचाचणीला आल्याच नाहीत असं धरू. बऱ्याचदा न येणाऱ्या याच असतात, ज्यांना विषय जड गेला. त्यांचे पूर्वचाचणीतले गुण ६-६ होते. आता २०.४ ही सरासरी ३६ जणींची आहे, पण १२.१ ही ४० जणींची. त्या चौघींना बाजूला केलं, तर उरलेल्या ३६ जणींची पूर्वचाचणीची सरासरी १२.८ होते. वाढ ८.३ नव्हे, ७.६. आणि नियंत्रित गट वजा केल्यावर ६.१ नव्हे, ५.४. कुणीही खोटं लिहिलेलं नाही, फक्त वेगवेगळ्या मुलींच्या सरासऱ्या एकमेकींतून वजा झाल्या. आणि ५.४ हाही आकडा अजून थोडा मोठाच असू शकतो, कारण त्या चौघी राहिल्या असत्या तर त्या किती शिकल्या असत्या, हे आपल्याला कळलेलं नाही. म्हणून प्रत्येक गटातून किती गळल्या, केव्हा गळल्या आणि त्यांचे सुरुवातीचे गुण किती होते, हे अहवालात असायलाच हवं.

तिसरी गोष्ट चुकीहून जास्त सापळ्यासारखी आहे आणि तिच्यात काळजीपूर्वक काम करणारेच जास्त अडकतात. दोन कॉलेजांच्या पूर्वचाचणीच्या सरासऱ्या फार वेगळ्या निघाल्या, तर काही जण जोड्या लावतात. दोन्हीकडून सारख्या गुणांच्या मुली निवडायच्या आणि बाकीच्या सोडायच्या. कागदावर दोन्ही गट एकदम सारखे दिसतात. पण एका दिवसाच्या चाचणीतले गुण म्हणजे खरी तयारी आणि त्या दिवसाचं नशीब यांची बेरीज असते. बलवान कॉलेजातून १२ गुणांची मुलगी घेतली, तर ती तिथल्या सरासरीपेक्षा खाली आहे. तिचा तो दिवस वाईट गेला असण्याची शक्यता जास्त, पुढच्या वेळी ती आपोआप वर येईल. दुबळ्या कॉलेजातली १२ गुणांची मुलगी तिथल्या सरासरीपेक्षा वर आहे, तिला त्या दिवशी नशिबाची साथ मिळाली असण्याची शक्यता जास्त, ती पुढच्या वेळी खाली येईल. म्हणजे कुणालाही काही न शिकवता दोन्ही गट उत्तरचाचणीत एकमेकांपासून दूर जातात. प्रायोगिक गट बलवान कॉलेजाचा असेल, तर फुकटचं यश दिसतं. दुबळ्या कॉलेजाचा असेल, तर चांगला कार्यक्रमही फसल्यासारखा दिसतो. कॅम्पबेलने हा धोका वारंवार सांगितला आहे. यावर उपाय एकच. कॉलेजं निवडतानाच सारखी निवडायची आणि नंतर मुली छाटून सारखेपणा बनवायचा नाही.

आता सर्वांत अवघड मर्यादेकडे येतो. प्रत्येक बाजूला एकच कॉलेज असेल, तर ८० विद्यार्थिनी असल्या तरी तुलना खरं तर दोनच गोष्टींची होते. अभ्यासाच्या त्या तीन आठवड्यांत प्रायोगिक कॉलेजात नवी, मन लावून शिकवणारी ट्यूटर रुजू झाली, किंवा रुग्णालयात औषधाच्या चुकीची एक घटना घडून सगळे सावध झाले, तर तो परिणाम कार्यक्रमाच्या परिणामापासून कुठल्याही सूत्राने वेगळा करता येत नाही. एका कॉलेजातल्या मुली एकमेकींसारख्या असतात, त्या एकाच शिक्षिकांकडून शिकतात, एकाच वॉर्डात वाढतात. म्हणून ४० जणींची माहिती ४० स्वतंत्र जणींइतकी नसते. प्रत्येक बाजूला अनेक कॉलेजं असली, तरी हे राहतंच. एका कॉलेजातल्या मुलींच्या गुणांत अगदी थोडासा, ०.०५ इतकाच, सारखेपणा असला तरी ४०च्या गटात सूत्राने हिशोब केला, तर ८० विद्यार्थिनींची किंमत जेमतेम २७ स्वतंत्र विद्यार्थिनींइतकी उरते. प्रबंधांत हा हिशोब बहुधा केलेला नसतो. दोन कॉलेजांत प्रत्येकी ४० घेण्यापेक्षा आठ कॉलेजांत प्रत्येकी दहा-दहा घेणं म्हणूनच जास्त शहाणपणाचं आहे, जरी प्रवास आणि परवानग्या वाढल्या तरी. आणि आठ कॉलेजं असतील, तर कुठलं कॉलेज कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवता येतं आणि रचना अर्ध-प्रायोगिक राहतच नाही.

मोजायचं काय, हाही मोठा विषय आहे. बहुपर्यायी प्रश्नांत २१ थेंबांवर खूण करणं आणि रात्रपाळीत, नातेवाइकांच्या प्रश्नांच्या गर्दीत, घड्याळाकडे बघत ड्रिपचे थेंब लावणं ही वेगळी कौशल्यं आहेत. पहिलं वाढलं म्हणून दुसरं वाढेलच असं नाही. म्हणून चांगल्या अभ्यासात कागदी चाचणीच्या जोडीला निरीक्षणाची तपासणी यादी असते. विद्यार्थिनीला बाटली, सेट आणि ऑर्डर देऊन मिनिटाचे थेंब प्रत्यक्ष लावायला सांगायचं आणि पायऱ्यांवर खुणा करायच्या. इथे एक अट कडक पाळावी लागते. खुणा करणाऱ्या सिस्टरला समोरची मुलगी कुठल्या गटातली आहे हे माहीत नसावं. माहीत असेल, तर हात नकळत सैल पडतो, आणि हे टाळायला कुणाचाही प्रामाणिकपणा पुरत नाही. दोघींनी स्वतंत्रपणे त्याच मुलींना पाहून दिलेल्या खुणा किती जुळतात, हेही आधी तपासावं.

आणि मग नियंत्रित गटाचा हक्क येतो. जे शिकवल्याने औषधाच्या चुका कमी होतील असं आपल्याला वाटतं, ते चाळीस मुलींपासून मुद्दाम रोखून धरायचं का? एथिक्स कमिटी हा प्रश्न विचारते आणि तिने विचारायलाच हवा. रुळलेलं उत्तर असं, की उत्तरचाचणी झाली की त्यांनाही तोच कार्यक्रम द्यायचा. हे न्यायाचं आहे. पण त्या क्षणी तुलना संपते. सातव्या दिवशीचे ५.४ गुण तीन महिन्यांनी किती उरतात हा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, कारण ड्रिपचा हिशोब तीन महिन्यांनीही करायचा असतो, आणि त्याचं उत्तर देणारा गट आता उरलेला नसतो.

हा पेच सोडवायचा, तर तो अर्ज लिहितानाच सोडवावा लागतो. कमिटीला वेळापत्रक द्यायचं, त्यात पूर्वचाचणी, सातव्या दिवसाची चाचणी, बाराव्या आठवड्याची चाचणी, आणि त्यानंतरच्या आठवड्यात नियंत्रित गटाला पूर्ण कार्यक्रम, तारखेसह. नेहमीचे तास त्या काळात दोन्ही कॉलेजांत जसेच्या तसे चालू राहतील, हे प्राचार्यांकडून लेखी घ्यायचं. विद्यार्थिनींच्या संमतीपत्रात स्पष्ट लिहायचं, की गुण अंतर्गत मूल्यमापनात धरले जाणार नाहीत आणि नकार दिला तर कुणी विचारणार नाही. कारण विचारणारी व्यक्ती त्यांची शिक्षिकाच असेल, तर नकार देणं सोपं नसतं. शक्यतो संमती घ्यायला त्यांना न शिकवणारी बाई पाठवायची. ही कागदपत्रं पूर्ण झाली, की मगच पहिली प्रश्नपत्रिका छापायला द्यायची.